श्टोत्सचे तीन गुण

गेबहार्ड श्टोत्सने बायकोच्या हातच्या मसुराच्या आमटीला आयुष्यात एकदाच चांगलं म्हटलं, आणि तेही ती दवाखान्यात असताना, शेजारणीपाशी. ही गोष्ट खुद्द त्याच्या बायकोनेच मला सांगितली, आणि सांगताना ती हसत होती. दक्षिण जर्मनीतल्या आमच्या श्वाबेन मुलखात, आल्ब डोंगराच्या पायथ्याशी, अशा नवऱ्यांचं कुणाला नवल वाटत नाही. इथे म्हणच आहे, 'रागावलो नाही, म्हणजे कौतुक झालं.' नवऱ्याने ताट पुसून खाल्लं आणि मुकाट्याने उठला, की बायकोने समजायचं, आज जमलं.

मला मात्र या माणसाचं फार कुतूहल होतं, कारण त्याचे गुण माझ्या टेबलावर यायचे. आमच्या पंपांच्या कारखान्यात मी माणसांचं खातं सांभाळते. वर्षातून एकदा प्रत्येक विभागप्रमुख आपल्या हाताखालच्या प्रत्येकाला एक ते पाच यांतला एक आकडा देतो. पाच सगळ्यांत वरचा. हे मोठ्या अक्षरांत छापावं लागतं, कारण आमच्याकडे शाळेत 'एक' मिळणारा हुशार असतो, आणि पद्धत सुरू झाली त्या वर्षी एका भल्या गृहस्थाने आपल्या लाडक्या माणसांना अभिमानाने एकेक देऊन टाकला होता. तीनच्या पुढे छापलेलं असतं 'अपेक्षेप्रमाणे', चारच्या पुढे 'अपेक्षेपेक्षा जास्त', आणि पाचच्या पुढे 'अपेक्षेच्या कितीतरी वर'.

श्टोत्स चाचणी विभागाचा माइस्टर, म्हणजे तिथला कर्ताकरविता. तयार झालेला प्रत्येक पंप त्याच्याकडे येतो, पाण्यावर चालवला जातो, आणि तो 'हं' म्हणाला तरच बाहेर पडतो. उंच, वाकलेला, कानांत सदा कापसाचे बोळे. नुसता तळहात ठेवून पंपाचं दुखणं ओळखतो म्हणतात. मी ते पाहिलंय, आणि त्याला तीनदा चुकताना पण पाहिलंय, तेव्हा दंतकथा नकोत. पण माणूस सरळ. शनिवारी आपल्या इमारतीतला जिना पुसायची पाळी असेल, तर शेजाऱ्याच्या वाटणीची पायरीसुद्धा पुसून टाकील, आणि मग महिनाभर त्या शेजाऱ्याशी बोलणार नाही.

त्याचा विभाग कारखान्यात सगळ्यांत चोख, आणि गुण सगळ्यांत कमी. दोन, दोन, तीन, दोन. मला वाटायचं, माणूस मुळातच चिक्कू. काहींचा हात पैशाला आखडता असतो, याचा गुण देताना.

दुसऱ्या टोकाला झिल्के ओटमान. ही माल रवाना करण्याच्या विभागाची प्रमुख, आणि हात इतका सढळ की चारच्या खाली कुणी नाही. तिच्या विभागाचे कागद वाचले की वाटावं, पुढच्या वर्षी ही मंडळी चंद्रावर माल पोचवणार. आणि दोघांच्या मधोमध भांडारातला राइनहोल्ड ग्योल्त्स. त्याच्याकडे सगळे तीन. कामसू बाई तीन, कामचुकार तीन, आणि मध्येच वारलेला एक बिचारा होता, त्यालाही त्या वर्षी तीनच.

हे सगळं वर्षानुवर्षं चाललं होतं आणि कुणाचं काही अडत नव्हतं. मग एका वसंतात अडलं. कारखान्याने ठरवलं, एका माणसाला कारखान्याच्या खर्चाने माइस्टरच्या शिक्षणाला पाठवायचं. जागा एकच. अट अशी की शेवटचे गुण चार किंवा वर हवेत.

त्याच आठवड्यात नूरहान आयदोदू माझ्या दारात उभी राहिली. ती श्टोत्सच्या विभागात चाचणीच्या बाकावर, म्हणजे पंप बसवून तपासायच्या ओट्यावर, काम करायची. आईवडील तुर्कस्तानातून आले, ती स्वतः इथेच पलीकडच्या गल्लीत जन्मली, आणि तिची बोली माझ्यापेक्षा अस्सल.

"फ्राऊ शेंप, एकच विचारायचंय," ती म्हणाली. "मला तीन आहेत. दरवर्षी तीनच. म्हणजे मी या जागेसाठी अर्जच करायचा नाही, असंच ना?"

"नियम तसा आहे."

"मग बरं झालं कळलं ते. न्युर्टिंगेनच्या एका कारखान्यातून बोलावणं आलंय. तिथेही बाकच आहे, पण निदान जेमतेम चालणारी बाई म्हणून तरी कुणी ओळखत नाही."

"जेमतेम असं कोण म्हणालं?"

"कुणीच नाही. माइस्टर काही म्हणतच नाहीत. त्यातच सगळं आलं की हो." महिनाअखेरपर्यंत त्यांना उत्तर कळवायचंय, एवढं सांगून ती गेली.

मी आमच्या मोठ्या साहेबांकडे गेले. डॉक्टर लेनहोफ हानोव्हरचे. उत्तरेकडचा माणूस, स्वच्छ बोलतो, स्वच्छ हसतो, आणि आमच्या लोकांच्या गप्प राहण्याला अजून शांतता समजतो. त्यांनी आकड्यांवर नजर टाकली आणि लगेच तोडगा काढला.

"सोपं आहे. श्टोत्स कडक आहे, त्याच्या सगळ्यांना एकेक वाढवा. फ्राऊ ओटमान मऊ आहेत, त्यांच्या सगळ्यांचा एकेक कापा. झाला हिशेब सारखा."

"आणि ग्योल्त्स?"

"त्याला काय वाढवणार आणि काय कापणार?" ते म्हणाले, आणि तेवढं मात्र खरं होतं. कडक माणसाच्या आकड्यांत निदान कोण वर कोण खाली एवढं तरी उरतं. सगळ्यांना तीन देणाऱ्याच्या आकड्यांत काहीच उरत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

एकेक वाढवायला माझी ना नव्हती, नूरहानला चार मिळाले असते. पण वाढवायला बसले आणि हात थांबला. श्टोत्सच्या विभागात आधीच एक चार होता, एकुलता एक. तो कुणाला, तर मार्को लुत्सला! मार्को स्वभावाने गोड मुलगा, पण घड्याळाशी त्याचं जन्माचं वैर, आणि पंपाला पाण्याची नळी उलटी जोडण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. साहेबांच्या हिशेबाने तो होणार होता पाच. म्हणजे माइस्टरच्या शिक्षणाला जाणार मार्को.

राग यायला हवा होता, पण मला हसू आलं, आणि मग झोप उडवणारं कुतूहल. जो माणूस बायकोच्या आमटीला तीनच्या वर चढू देत नाही, तो मार्कोला चार का देतो? चिक्कू माणसाने गर्दीत नेमक्या चुकीच्या माणसाला दान करावं, हे मला पटेना. मी साहेबांना म्हटलं, आकडे हलवायच्या आधी माणसांना विचारू या. तिन्ही प्रमुखांना एका खोलीत बसवते, मला एक सकाळ द्या. ते म्हणाले, एक सकाळ द्यायला हरकत नाही, पण पुढे मी माझं गणित करणार.

त्या सकाळी मी प्रेट्झेलचे पाव आणि लोणी मांडलं, कारण उपाशी श्वाबेनवाला कुणाचंच भलं करत नाही. कामगारांच्या मंडळाचा एक जण कोपऱ्यात बसून ऐकत होता. मी तिघांसमोर एकच कागद ठेवला. त्यावर एका माणसाची हकीगत. तो माणूस मीच रचलेला, नाव त्याचं एगोन. एगोन वेळेवर येतो, ठरलेलं काम चोख करतो, वर्षात दोनदा चुकला आणि दोन्ही वेळा स्वतःहून सांगितलं, नवीन माणसाने विचारलं तर शिकवतो, पण आपणहून उठून जात नाही. "एकमेकांना न दाखवता आकडा लिहा," मी म्हटलं.

कागद उलटे केले. ओटमान, पाच. ग्योल्त्स, तीन. श्टोत्स, दोन.

"एकाच एगोनला?" साहेब उडाले.

"चूक सांगतो म्हणजे किती प्रामाणिक!" ओटमान म्हणाली. "पाच नाही तर काय?"

"चुकतो म्हणून सांगावं लागतं," श्टोत्स म्हणाला.

ग्योल्त्स लोणी लावत होता. "मी म्हटलं, मध्ये राहावं."

"का, राइनहोल्ड?" मी विचारलं. "खरं सांग, मी काही चावत नाही."

"तुमच्या कागदामुळेच. एक द्या किंवा पाच द्या, खाली अर्धं पान कारण लिहायचं. चार दिला तर तो माणूस विचारतो, पाच का नाही. दोन दिला तर त्याची बायको बाजारात तोंड फिरवते. तीन दिला की कुणी काही विचारत नाही, आणि लिहावंही लागत नाही." त्याने घास घेतला. "मी भांडारवाला आहे, कादंबरीकार नव्हे."

बरं बोलला! अर्ध्या पानाचा तो नियम आधीच्या साहेबांनी आणला होता, उधळपट्टी नको म्हणून. उधळपट्टी काही थांबली नाही, थांबलं ते खरं बोलणं. मी तिथल्या तिथे म्हटलं, आता कारण सगळ्याच आकड्यांना लिहायचं, तीनलासुद्धा, पण दोन ओळींत. अमुक वेळी अमुक केलं, एवढंच. मग मी त्याला आकडे बाजूला ठेवायला सांगितलं आणि माणसांच्या जोड्या लावत गेले. ही की तो? सुट्टीत भांडाराची किल्ली कुणाकडे देशील? तो पटापट सांगत सुटला. त्याला सगळं ठाऊक होतं! आकडा विचारला की गडी गोगलगायीसारखा आत जायचा, एवढंच.

ओटमानचं दुखणं वेगळं. तिच्या एका माणसाला पाच होते, खाली अर्धं पान गोड गोड लिहिलेलंही होतं, पण त्याने वर्षभरात नेमकं काय केलं हे तिला सांगता येईना. तिने प्रेट्झेलचे तुकडे केले. मग म्हणाली, "त्याच्या आईचं दुखणं चाललंय हो. तीन देऊन त्याच्यासमोर बसायचं कसं? तो रडला तर मी पण रडेन." मला तिची दया आली आणि रागही आला. एकाला रडू येऊ नये म्हणून ती बाकीच्यांचे पाच कवडीमोल करत होती. तो पाच शेवटी तीन झाला, आणि आईसाठी त्याला कामाची वेळ बदलून द्यायची ठरलं. त्याला हवं होतं ते हेच.

साहेबांनी विचारलं, मग यांच्या सगळ्यांचाच एकेक कापायचा ना? मी म्हटलं, नाही. तिचे दोन पाच आम्ही कारणासकट तपासले आणि ते पक्के निघाले. विभाग खरंच चांगला असेल, तर गुणही चांगलेच असणार. सगळ्यांची सरासरी सारखी करणं म्हणजे उंच माणसाचे पाय कापून रांग सरळ करणं.

आता राहिला श्टोत्स. कानातला बोळा काढून तो मुद्दाम माझ्याकडे वळून बसला.

"श्टोत्स, समज, उद्या परदेशचं गिऱ्हाईक आलंय, आणि पंप थरथरतोय. तू घरी आजारी. फोन कुणाला करशील?"

"नूरहानला." क्षणाचाही विचार नाही.

"आणि ती घरी नसेल तर?"

"मी उठून येईन."

सगळे हसले. तो हसला नाही. "तिला तीन का दिलेस?" मी विचारलं.

"अपेक्षेप्रमाणे काम करते म्हणून. कागदावर छापलंय की."

"आणि मार्कोला चार?"

"अपेक्षेपेक्षा जास्त." तो माझ्याकडे असा पाहत होता की जणू मलाच वाचता येत नव्हतं. "त्याच्याकडून माझी काडीची अपेक्षा नव्हती. यंदा आठवड्यातून तीनदा वेळेवर आला."

साहेबांचा हात कॉफीच्या कपावर तसाच. मला मात्र एकदम मोठी खिडकी उघडल्यासारखं झालं. हा माणूस चिक्कू नव्हताच! त्याने आमचा शब्द शब्दशः धरला होता. आम्ही म्हणत होतो, कामाकडून जी अपेक्षा ती. तो म्हणत होता, या माणसाकडून माझी जी अपेक्षा ती. आणि नूरहानकडून त्याची अपेक्षा जवळजवळ देवाइतकी होती. ती दरवर्षी वर चढायची, आणि तोही दरवर्षी फूटपट्टी वर उचलायचा. चांगल्या माणसाने त्याच्या हाताखाली तीनच्या वर जाणं शक्यच नव्हतं.

"मग पाच कुणाला देणार?" साहेबांनी विचारलं.

"माझे माइस्टर होते, त्स्विंक. त्यांना दिले असते."

"आहेत कुठे ते?"

"गेले."

मी 'अपेक्षा' हा शब्दच कागदावरून खोडला आणि त्याच्यासमोर साधं विचारलं. चाचणीच्या बाकावरच्या कुणाही माणसाने, मग तो मार्को असो की नूरहान, काय करायलाच हवं? त्याने सांगितलं, मी लिहिलं: पंप जोडणं, मोजणं, बिघाड असेल तर कळवणं. हा झाला तीन, सगळ्यांना एकच. मग तीनच्या वर काय दिसायला हवं? बिघाडाचं मूळ शोधणं. आणि त्याच्याही वर? तो बिघाड पुन्हा येऊ नये अशी सोय करणं, आणि ती दुसऱ्यांना शिकवणं.

"आता सांग, नूरहानने यातलं काय केलंय? कधी, ते सांग. नुसतं 'चांगली आहे' नको."

तो बोलला, दोन प्रसंग सांगितले आणि थांबला. दोन्ही सगळ्यांत वरच्या ओळीतले. ग्योल्त्सने चघळणं थांबवलं होतं. "हे ती रोज करते," श्टोत्स कुरकुरला. "हे तर कामच आहे." पण त्याने स्वतःच पेन घेतलं आणि पाच लिहिला. आकडा लिहिताना माणसाला इतकं अवघडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मार्कोचे दोन झाले, आणि शेजारी त्याने लिहिलं, 'सुधारतोय'. साहेबांनी आपलं गणित घडी करून खिशात घातलं.

गुण प्रत्येकाला समोर बसवून सांगायचे असतात. नूरहानच्या वेळी श्टोत्स मला म्हणाला, "तुम्ही पण या." मी म्हटलं, कशाला? तो म्हणाला, "मी रागवायला बसलोय असं तिला वाटायला नको." आणि मला खरंच वाटलं, की याला भीती वाटतेय.

चाचणी विभागाच्या काचेच्या खोलीत तिघं बसलो. नूरहानने कोट काढलाच नाही. श्टोत्सने कागद तिच्याकडे सरकवला.

तिने पाहिलं. "पाच? हा आकडा चुकलाय."

"नाही."

"मग मी तुम्हाला नकोशी झालेय का? घालवायचंय म्हणून देताय?"

"नाही म्हटलं ना."

"मग गेली इतकी वर्षं मी कोण होते, माइस्टर?" तिने कागद मागे सरकवला. "मी घरी सांगत आले, की मी जेमतेम आहे. मुलीचा अभ्यास घ्यायला बसते तर ती म्हणते, आई, तुला कुठे येतं! आणि मी गप्प बसते, कारण कागदावर तीन. उद्या मी न्युर्टिंगेनला होकार कळवणार होते. तुम्ही एकदा तरी सांगायचं होतंत!"

"रागावलो होतो का कधी?" श्टोत्स म्हणाला. माझ्या मनात आलं, याला आता इथेच कानफटात द्यावी.

"ते मला कसं कळणार होतं?" ती म्हणाली. "तुम्ही कुणावरच रागावत नाही. कापसाचे बोळे घालून फिरता."

त्याने कानाला हात लावला. दोन्ही बोळे काढून टेबलावर ठेवले. बाहेर पंप घोंघावत होते आणि तो आवाज त्याला त्रास देतोय हे दिसत होतं.

"दोन सालांपूर्वी हिवाळ्यात," त्याने सुरुवात केली, "तो हिरवा मोठा पंप आला होता. सगळे म्हणाले मोटर गेलीय. तू म्हणालीस, मोटर नाही, पायाच वाकडा आहे. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं."

"बायकोला?"

"हो. मग तू ती मापं घ्यायची पट्टी केलीस, रंगवलेली. ती आता तिन्ही बाकांवर आहे. आणि मार्कोने नळी उलटी लावली होती, तेव्हा तू त्याला ओरडली नाहीस, नळीवर बाण काढलास. तो बाण मी मुद्दाम पुसू दिला नाही." तो सांगत गेला. कुठला पंप, कुठला आवाज, कुणासमोर. त्याने सगळं पाहिलं होतं. एकही गोष्ट विसरला नव्हता, फक्त तिला सोडून सगळ्यांना सांगितली होती, आणि सगळे म्हणजे त्याची बायको. मला तर रडूच आलं, मी खिडकीबाहेर बघत राहिले.

शेवटी त्याचं सांगून झालं. "शिक्षणाला गेलीस की माझ्याकडे कुणी उरणार नाही," तो म्हणाला. "पण अर्ज कर."

नूरहानने डोळे पुसले, कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि पुन्हा बसली.

"करते," ती म्हणाली. "पण आधी अजून सांगा. तुमचं झालेलं नाही, मला माहितीये."